बँकेचं पत्र आणि लेजर जुळत नाही तेव्हा

प्रश्न: मी आर्टिकलशिप करतोय, दुसरं वर्ष. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं ऑडिट चालू आहे. बँकेच्या कन्फर्मेशन लेटरमध्ये ३१ मार्चला करंट खात्यात ११,६२,४३० रुपये आहेत आणि टॅलीच्या लेजरला १४,८६,२५०. अकाउंटंट म्हणतात, "फरक बीआरएसमध्ये आहे, बीआरएस जुळतंय, पुढे चला." मग मी फक्त बीआरएसची प्रिंट फाइलला लावून टिक मारायची का? आणि पत्रात एफडी, गॅरंटी असंही बरंच काही लिहिलंय, ते कशाशी ताडून बघायचं?

उत्तर:

टिक मारू नका, पण घाबरूही नका. ज्या कंपनीत चेकने व्यवहार होतात तिथे ३१ मार्चला पत्र आणि लेजर यांत फरक असणारच. उलट रोज चेक फाडणाऱ्या कंपनीत दोन्ही आकडे रुपयाला रुपया जुळले तर मी जास्त लक्ष देऊन बघतो. बीआरएस म्हणजे लेजर आणि बँकेची शिल्लक यांतला फरक ओळीओळीने दाखवणारा तक्ता. तो जुळतोय याचा अर्थ इतकाच की बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. ती बरोबर येईपर्यंत अकाउंटंट घरी जातच नाही, त्यामुळे ती जुळणं हा पुरावा नव्हे. बीआरएसमधली प्रत्येक ओळ ३१ मार्चला खरोखर तशी होती का, हे तपासायचं आहे, आणि ते एप्रिल-मेच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं.

पण त्याआधी पत्राकडे बघा. ते तुमच्या हातात कसं आलं? अकाउंटंटने पाकिटातून दिलं असेल तर ते कन्फर्मेशन नाही, क्लायंटने दिलेला आणखी एक कागद आहे. एसए ५०५ या ऑडिटिंग मानकानुसार विनंती तयार करण्यापासून उत्तर हाती येईपर्यंत सगळा ताबा ऑडिटरकडे हवा. विनंतीवर सही कंपनीची, कारण खातं त्यांचं आणि माहिती द्यायची परवानगीही त्यांचीच. पाकीट मात्र आपल्या ऑफिसातून जातं आणि उत्तर थेट आपल्या पत्त्यावर किंवा मेलवर येतं. मेलने आलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेच्या डोमेनवरचा आहे का, ते बघा. शंका आली तर शाखेला फोन करा, पण नंबर बँकेच्या वेबसाइटवरून घ्या. पत्राच्या तळाशी छापलेला नंबर लावून काही सिद्ध होत नाही.

हा नियमाचा फापटपसारा वाटत असेल तर सत्यम आठवा. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी मुळात अस्तित्वातच नाहीत. फाइलला कन्फर्मेशनं होती. अमेरिकेच्या एसईसीने एप्रिल २०११ च्या आदेशात ऑडिटरवर ठेवलेला मुख्य ठपका हाच होता की कन्फर्मेशन पाठवणं आणि परत घेणं हे काम त्यांनी कंपनीच्याच हाती सोडलं होतं.

पत्र सरळ मार्गाने आलंय असं धरून पुढे जातो. आकड्याला हात लावण्याआधी तारीख बघा. शाखेतला माणूस घाईत असला की पत्र ज्या दिवशी काढलं त्या दिवसाची शिल्लक लिहून देतो आणि वर शीर्षकात "३१ मार्च रोजी" तसंच राहतं. स्टेटमेंटमधली ३१ मार्चची क्लोजिंग शिल्लक आणि पत्रातला आकडा एकच हवा. इथे फरक निघाला तर आधी शाखेकडून दुरुस्त पत्र मागवा, कारण त्या फरकाला बीआरएसमध्ये जागाच नाही. खातं क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत वाचा. बाजूही नीट बघा: बँकेचं "क्रेडिट" म्हणजे आपल्या लेजरचं डेबिट. कॅश क्रेडिट खात्यात शिल्लक सहसा बँकेकडे डेबिट आणि आपल्या लेजरला क्रेडिट असते, आणि तिथे नवीन मुलं हमखास गोंधळतात.

आता तुमचे आकडे. फरक ३,२३,८२० रुपयांचा आहे. तुमचं बीआरएस समोर नाही, म्हणून अशा कंपनीत हा फरक साधारण कशाने बनतो ते घेऊन दाखवतो. तुमच्या ओळी वेगळ्या असतील, तपासायची रीत हीच. समजा बीआरएस असं आहे:

लेजरप्रमाणे शिल्लक: १४,८६,२५०
अधिक, दिलेले पण न वटलेले चेक: ६,३८,४००
वजा, भरलेले पण जमा न झालेले चेक: ९,१५,०००
वजा, बँकेने कापलेले चार्जेस: ४,७२०
वजा, वाहन कर्जाचा हप्ता, बँकेने ३१ मार्चला कापलेला: ४२,५००
बँकेप्रमाणे शिल्लक: ११,६२,४३०

जुळलं. अकाउंटंट खोटं बोलत नाहीत. आता एकेक ओळ उघडू.

खालच्या दोन सोप्या आहेत. चार्जेस आणि हप्ता हे बँकेने ३१ मार्चपर्यंत कापलेत, म्हणजे ते याच वर्षाचे आहेत. त्यांना बीआरएसमध्ये "फरक" म्हणून लटकत ठेवायचं कारण नाही, एंट्री पडली पाहिजे. चार्जेसमध्ये ४,००० खर्च आणि ७२० जीएसटी. हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे कर्जाच्या स्टेटमेंटवरून घ्या आणि कर्जाची शिल्लक त्याच पत्रातल्या कर्जाच्या ओळीशी ताडून बघा. पुष्कळ ठिकाणी अकाउंटंट वर्षभर सगळा हप्ता मुद्दलातच टाकत जातो. ते इथे पकडलं जातं.

मग "भरलेले पण जमा न झालेले" ९,१५,०००. तीन चेक आहेत असं धरा: २,४०,०००, १,७५,००० आणि ५,००,०००. एप्रिलचं स्टेटमेंट उघडा. पहिले दोन १ आणि २ एप्रिलला जमा झालेत. ठीक, हे खरोखर वाटेतले चेक होते. तिसरा जमा झालाय २२ एप्रिलला. चेकचं क्लिअरिंग आज एका दिवसाचं काम आहे. ३० मार्चला भरलेला चेक २२ एप्रिलला जमा होतो यावर माझा तरी विश्वास बसत नाही. स्लिप बुक मागा आणि त्या चेकचं काउंटरफॉइल काढा. बँकेचा शिक्का २१ एप्रिलचा निघाला तर विषय संपला. चेक ३० मार्चला भरलाच गेला नव्हता. एक तर तो पुढच्या तारखेचा होता, किंवा तेव्हा हातात आलेलाच नव्हता.

असं कोणी का करेल? त्या गिऱ्हाइकाचं येणं किती जुनं आहे ते बघा. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर काढताना बँका बहुधा ९० दिवसांपर्यंतचीच येणी धरतात, आणि जुनी येणी वाढली की मॅनेजर प्रश्न विचारतो. ३१ मार्चला पावती टाकली की जुनं येणं यादीतून नाहीसं होतं. गिऱ्हाईक मालकाचीच दुसरी फर्म असेल तर आणखी सावध व्हा. मग पाच लाख तिच्याकडून इथे आणि इथून तिच्याकडे असे फिरत आहेत का, हे बघायला दोन्ही खात्यांची मार्च-एप्रिलची स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवावी लागतील. एकाच कंपनीच्या दोन बँक खात्यांत हा खेळ टॅलीमध्ये कठीण आहे, कारण कॉन्ट्रा एंट्री दोन्ही बाजू एकदमच मारते. म्हणूनच तो रिसीट व्हाउचरच्या आडून केला जातो.

आता न वटलेले चेक, ६,३८,४००. इथे माझा जास्त वेळ जातो. पाच चेक आहेत असं समजा. चार मिळून २,८८,४०० चे, सगळे ८ एप्रिलपर्यंत वटलेले. पाचवा ३,५०,००० चा, एका पुरवठादाराला, लेजरला तारीख ३१ मार्च, वटला ११ मे रोजी. चेक तीन महिने चालतो, त्यामुळे "पार्टीने उशिरा टाकला" हे उत्तर अशक्य नाही. पण चेकचे नंबर बघा. बाकी चारांचे शेवटचे आकडे २०१ ते २०४. पाचव्याचा २३१. आता लेजरमध्ये २२९ आणि २३० शोधा. ते मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिलेले निघाले तर २३१ नंबरचा चेक ३१ मार्चला फाडलेला कसा असेल? एंट्री मार्चची, चेक मे महिन्याचा. खात्रीसाठी पुरवठादाराकडून खातेउतारा मागवा. त्याच्याकडे पावतीची तारीख ९ मे निघेल.

यामागचं कारण हल्ली बहुतेक वेळा एकच असतं. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) मुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी एमएसएमईडी कायद्याच्या मुदतीत दिली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. मुदत करार नसेल तर १५ दिवस, करार असेल तर जास्तीत जास्त ४५. त्यामुळे मुदत टळलेल्या देण्याला ३१ मार्चला कागदावर चेक देऊन टाकायचा मोह होतो. कधी कधी चेक खरंच लिहिलेला असतो आणि मालकाच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो. दोन्हींचा निकाल एकच. ज्याच्या हातात चेक पडला नाही त्याचं देणं फिटलं नाही.

तेव्हा दुरुस्त्या करू. लेजरच्या १४,८६,२५० मध्ये पुरवठादाराचे ३,५०,००० परत वाढवा, गिऱ्हाइकाचे ५,००,००० काढा, चार्जेसचे ४,७२० आणि हप्त्याचे ४२,५०० वजा करा. उरतात १२,८९,०३०. दुसऱ्या बाजूने पडताळा: बँकेचे ११,६२,४३०, त्यात खरोखर वाटेत असलेले ४,१५,००० मिळवा, खरोखर दिलेले पण न वटलेले २,८८,४०० वजा करा. तेच १२,८९,०३०. ताळेबंदात जाणारा आकडा हा आहे. लेजरचा नाही आणि पत्रातलाही नाही.

अकाउंटंट म्हणतील, "साहेब, नफ्यावर तर काहीच फरक नाही." या दोन चेकांपुरतं ते खरंही आहे. पण देणी साडेतीन लाखांनी वाढली, येणी पाच लाखांनी वाढली, येण्यांच्या वयाचा तक्ता बदलला, एमएसएमई देण्यांची टीप बदलली. आणि पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असून मुदत टळलेली असेल तर ३,५०,००० करपात्र उत्पन्नात मिळवावे लागतील. त्यांना शांतपणे एवढं सांगा. वाद घालू नका, सरांना दाखवा.

टॅलीबद्दल एक गोष्ट. तिथली "बँक डेट" माणूस हाताने भरतो. कोणी चुकून किंवा मुद्दाम तिथे ३१ मार्चच्या आतली तारीख टाकली, की ती ओळ बीआरएसमधून गायब होते. अशा दोन चुका समान रकमेच्या आणि विरुद्ध बाजूच्या असल्या, तर बीआरएस पत्राशी जुळेलही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या मोठ्या रकमा टॅलीतून उचलून थेट स्टेटमेंटमध्ये शोधा. स्टेटमेंटही एक्सेलमध्ये दिलेलं घेऊ नका, कारण एक्सेलमध्ये कोणीही काहीही टाइप करू शकतं. कंपनीच्या माणसाला नेट बँकिंगमध्ये लॉगिन करायला सांगा आणि तुमच्यासमोर पीडीएफ डाउनलोड करून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पत्राचा खालचा अर्धा भाग मला वरच्यापेक्षा मोलाचा वाटतो. बँक शिल्लक स्टेटमेंटवरूनही कळते, पण खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचं लेजरच नसतं.

समजा पत्रात एफडी आहे १०,६३,१८० ची आणि लेजरला १०,००,०००. बहुतेक वेळा हा फरक वर्षभर न घेतलेल्या व्याजाचा असतो. पण ६३,१८० व्याज म्हणून उत्पन्नात घेऊन मोकळे होऊ नका. बँकेने टीडीएस कापून व्याज एफडीत मिळवलेलं असतं. फॉर्म २६एएस उघडलात तर व्याज ७०,२०० आणि टीडीएस ७,०२० दिसेल. उत्पन्न ७०,२००, टीडीएस येणं ७,०२० आणि एफडीत वाढ ६३,१८०. निव्वळ रक्कम घेतली तर उत्पन्नही कमी दिसतं आणि कंपनी स्वतःचा टीडीएसही घालवून बसते. काही शाखा मुद्दल लिहितात, काही मुदतीअखेरची रक्कम. एफडीच्या पावतीवरून नेमकं काय लिहिलंय ते ठरवा.

त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात "लीन मार्क्ड", म्हणजे एफडी तारण म्हणून अडकलेली, असं लिहिलं असेल, तर पुढची ओळ बहुधा बँक गॅरंटीची असते. समजा एफडी दहा लाखांची आणि गॅरंटी ४० लाखांची, म्हणजे २५ टक्के मार्जिन. या गॅरंटीचं टॅलीत लेजर नाही. कमिशनचा खर्च कुठेतरी "बँक चार्जेस"मध्ये पडलाय, तेवढाच तिचा माग. पण ताळेबंदाच्या टिपेत ती संभाव्य देणी म्हणून दाखवायची का, हे ती कशासाठी दिली आहे त्यावर ठरतं, म्हणून गॅरंटीची प्रत मागवून वाचा. आणि ही एफडी रोख-समतुल्यात धरता येत नाही. शेड्यूल ३ प्रमाणे मार्जिन म्हणून अडकलेली बँक शिल्लक वेगळी दाखवावी लागते. रोख-समतुल्यात एरवीही सुरुवातीपासून तीन महिन्यांच्या आतली मुदत असलेलीच ठेव बसते. क्लायंटने दिलेल्या एफडीच्या यादीत लीनचा रकाना सहसा नसतोच.

कर्जांच्या ओळीत मर्यादा आणि तारण लिहिलेलं असतं. तारण एमसीएच्या साइटवरच्या चार्जेसच्या यादीशी ताडून बघा. फिटलेल्या कर्जाचा चार्ज तिथे उघडाच असतो, असं खूपदा दिसतं. खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा वर्षात कधीही पाच कोटींच्या वर गेली असेल आणि कंपनीला कारो २०२० लागू असेल, तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का, हे अहवालात लिहावं लागतं. मर्यादेचा आकडा या पत्रातून उचला, क्लायंटच्या सांगण्यावरून नको.

पत्राची एक मर्यादाही ध्यानात ठेवा. ज्या बँकेला विचारलं तीच उत्तर देते. विनंतीत तीन खाते क्रमांक लिहिले तर शाखा तीनच खात्यांचं उत्तर देईल. म्हणून विनंतीत "या ग्राहक क्रमांकाखालची सर्व खाती, शून्य शिलकीची आणि वर्षात बंद झालेली धरून" असं लिहायचं. आणि जिला विचारलंच नाही, अशी दुसरी एखादी बँक किंवा पतसंस्था आहे का? २६एएस आणि एआयएसमध्ये अनोळखी बँकेचं व्याज दिसतं का ते बघा. एमसीएच्या यादीत अनोळखी बँकेचा चार्ज आहे का, तेही बघा. माझ्या एका जुन्या क्लायंटकडे सहकारी बँकेतलं एक खातं असंच सापडलं होतं. पुस्तकात त्याचा मागमूस नव्हता, पण २६एएसमध्ये त्या बँकेचं व्याज होतं. भंगार विक्रीचे पैसे तिकडे जात होते.

उत्तरच आलं नाही तर? सहकारी बँकांच्या छोट्या शाखांकडून बऱ्याचदा येत नाही. एकदा आठवण करा, मग कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन शाखेत जा. पत्राची फी खात्यातून कापायला कंपनीची संमती लागते आणि पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते. तोंडी उत्तर कन्फर्मेशन धरता येत नाही, लेखी घ्या. तेही मिळालं नाही तर तुमच्यासमोर डाउनलोड केलेलं मार्च ते मेचं स्टेटमेंट, एफडीच्या मूळ पावत्या आणि मंजुरी पत्र यांवर काम करा. काय केलं, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे वर्किंग पेपरमध्ये लिहा. पण कंपनीच म्हणाली की "या बँकेला पत्र पाठवू नका", तर कारण विचारा, लिहून घ्या आणि त्याच दिवशी सरांच्या कानावर घाला. तो निर्णय आर्टिकलने घ्यायचा नसतो.